डबा उघडल्यानंतर

ब्रिटनमधल्या दुकानात काबुली चण्याचा किंवा टोमॅटोचा टिन हातात घेऊन त्यावरचा कागद नीट वाचला, तर बारीक अक्षरात बहुतेक वेळा एक सूचना सापडते : उघडल्यावर उरलेला पदार्थ धातूच्या नसलेल्या भांड्यात काढा, फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन दिवसांत संपवा. अमेरिकेचं कृषी खातं मात्र वेगळं सांगतं. त्यांच्या मते उघडलेल्या टिनमध्येच अन्न झाकून फ्रिजमध्ये ठेवलं तरी ते खायला सुरक्षित असतं; चव चांगली राहावी असं वाटत असेल तर काचेच्या किंवा प्लास्टिकच्या डब्यात काढा. दिवसही ते जास्त देतात. मासे, कडधान्यं अशा बिनआंबट पदार्थांना तीन ते चार दिवस, टोमॅटोसारख्या आंबट पदार्थांना पाच ते सात दिवस.

टिन दोन्हीकडे सारखेच, फ्रिजही सारखेच. मग ऐकायचं कुणाचं? शिकायला किंवा नोकरीला परदेशी गेलेल्या आपल्या मुलामुलींना हा प्रश्न दर आठवड्याला पडतो, कारण चारशे ग्रॅमचा टिन एकट्या माणसाला एका जेवणात संपत नाही. आता पुण्या-मुंबईतल्या घरांतही पास्त्यासाठी सोललेले टोमॅटो, सॅलडसाठी ट्युना आणि मुलांसाठी बेक्ड बीन्स येऊ लागले आहेत, त्यामुळे अर्धा टिन फ्रिजमध्ये दिसणं इथेही नवीन राहिलेलं नाही.

उत्तर सोपं आहे, पण त्याआधी गुंता सोडवावा लागतो. ‘किती दिवस टिकेल’ आणि ‘टिनमध्येच ठेवलं तर चालेल का’ हे आपण एकच प्रश्न समजतो. प्रत्यक्षात ते दोन आहेत. पहिल्याचं उत्तर जंतू ठरवतात, दुसऱ्याचं धातू. आणि गंमत अशी की ही दोन उत्तरं उलट्या दिशांना जातात. मासे सर्वांत लवकर बिघडतात, पण टिनच्या धातूशी त्यांचं फारसं भांडण नाही. टोमॅटो सर्वांत जास्त दिवस टिकतो, पण टिनमध्ये ठेवायला तोच सर्वांत वाईट.

आधी जंतूंचं पाहू. बंद टिन वर्षानुवर्षं टिकतो त्याचं श्रेय मीठ-तेल-मसाल्याला नाही, उष्णतेला आहे. पदार्थ टिनमध्ये भरून, झाकण हवाबंद करून, मग तो सगळा टिन वाफेच्या दाबाखाली तापवला जातो. मासे आणि कडधान्यं यांच्यासाठी हे तापमान साधारण १२१ अंश सेल्सिअसपर्यंत न्यावं लागतं, कारण बॉट्युलिझम घडवणाऱ्या जंतूंची बीजं नुसत्या उकळत्या पाण्याला दाद देत नाहीत. टोमॅटोला एवढा ताप लागत नाही. त्याच्यात आंबटपणा असतो, बरेचदा वरून थोडं सायट्रिक आम्लही घातलेलं असतं, आणि त्या आंबट वातावरणात ही बीजं रुजत नाहीत. आंबटपणाची ही सीमारेषा पीएच ४.६ मानतात. आकडा तिच्या खाली असेल तर पदार्थ आंबट, वर असेल तर बिनआंबट. टिनबंद अन्नाच्या व्यवसायातले जवळजवळ सगळे नियम या एका रेषेभोवती बांधलेले आहेत, आणि उघडल्यानंतरचे दिवसही त्याच रेषेवरून मोजायचे असतात.

ओपनर फिरला की आतली निर्जंतुक अवस्था त्याच क्षणी संपते. टिनमधल्या चण्यात परिरक्षक नसेल, आणि बहुतेकांत नसतोच, तर आता ते घरी शिजवलेल्या चण्यांसारखेच झाले. जंतू येतात ते हवेतून, चमच्यावरून, हातावरून, आणि पुष्कळदा ओपनरच्या पात्यावरून. ओपनर ड्रॉवरमधून काढायचा, वापरायचा आणि पुसून परत ठेवायचा अशी बहुतेक घरांत रीत असते. त्याच्या दातेरी चाकावर मागच्या टिनमधला वाळलेला रस चिकटलेला असतो. टिनच्या झाकणावर गोदामातली धूळ असते, आणि ओपनर ती धूळ कापत कापत आत ढकलतो. झाकण आधी ओल्या फडक्याने पुसणं आणि ओपनर भांड्यांबरोबर साबणाने घासणं, या दोन कामांना मिनिटही लागत नाही, पण उरलेल्या पदार्थात पहिल्या दिवशी किती जंतू शिरले हे त्यावर ठरतं.

मासे या बाबतीत सर्वांत नाजूक. ट्युना म्हणजे आपल्या किनाऱ्यावरचा कुपा, सार्डिन म्हणजे तारली आणि मॅकरेल म्हणजे बांगडा. या तिन्ही माशांच्या मांसात हिस्टिडिन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. काही जंतू त्यापासून हिस्टामिन तयार करतात. टिनबंद करताना हे जंतू मरतात, पण उघडलेल्या माशात हातावरून किंवा पाटावरून ते पुन्हा आले आणि मासा उबेत राहिला, तर हिस्टामिन झपाट्याने वाढतं. असा मासा खाल्ल्यावर काही मिनिटांत किंवा तासाभरात चेहरा लालबुंद होतो, डोकं ठणकतं, तोंडात तिखट लागल्यासारखी आग होते, अंगाला खाज सुटते, छाती धडधडते. बऱ्याच जणांना वाटतं की आपल्याला माशाची अ‍ॅलर्जी झाली. वाईट बाब ही की हिस्टामिन एकदा तयार झालं की ते शिजवूनही जात नाही. उरलेला ट्युना चांगला परतून घेतला म्हणून धोका टळत नाही. माशाला वासही नेहमीसारखाच येऊ शकतो.

म्हणून उघडलेल्या माशाच्या बाबतीत फ्रिजमधल्या दिवसांइतकेच बाहेरचे तास महत्त्वाचे आहेत. साधारण नियम दोन तासांचा आहे. खोलीत ३२ अंशांच्या वर उकाडा असेल तर एकच तास. आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यात जेवणाच्या टेबलावर राहिलेला ट्युना जेवण उरकेपर्यंतच वेळ संपवून बसतो. फ्रिजमध्ये मात्र ४ अंशांच्या आसपास हे सगळं पुष्कळ मंदावतं, आणि तिथे त्याला तीन दिवस, फार तर चार दिवस द्यावेत.

तेलातल्या माशांबद्दल एक समज पक्का असतो की वर तेल आहे तोवर काही होत नाही. लोणच्यावरून आपण तो बांधतो. पण लोणचं टिकतं ते मीठ, आंबटपणा आणि तेल हे तिघे मिळून. टिनमधल्या सार्डिनभोवती नुसतं तेल असतं. मीठ चवीपुरतं, आंबटपणा जवळजवळ नाहीच. तेल मासा कोरडा पडू देत नाही, एवढंच त्याचं काम. दिवस तेवढेच मोजायचे. ऑलिव्ह तेल फ्रिजमध्ये गोठून पांढुरकं दिसतं, ते मात्र बिघाडाचं लक्षण नाही. बाहेर थोडा वेळ ठेवलं की पुन्हा पातळ होतं.

कडधान्यांना हिस्टामिनची भीती नाही, पण दिवस माशांइतकेच, तीन ते चार. चणे, राजमा, पांढरा घेवडा हे सगळे पीएचच्या रेषेच्या वरचे, मऊ शिजलेले आणि पिठूळ पाण्यात बुडालेले. जंतूंना वाढायला यापेक्षा सोयीची जागा नाही. इथे एक फसगत होते ती बेक्ड बीन्सच्या बाबतीत. त्यांचा सॉस टोमॅटोचा, चव आंबटगोड, म्हणून ते आंबट गटात टाकावेसे वाटतात. पण घेवड्याच्या पिठूळपणामुळे एकूण मिश्रण रेषेच्या वरच राहतं. त्यांनाही तीन-चार दिवसच द्यायचे. टोमॅटो सॉसमधल्या सार्डिनचंही तेच. सॉस आंबट असला तरी आत मासा आहे, आणि दिवस माशाचे धरायचे.

टोमॅटोकडे आलं की जंतूंचं काम अवघड होतं. त्या आंबटपणात आजार पसरवणारे बहुतेक जंतू वाढत नाहीत, म्हणून पाच ते सात दिवस. पण बुरशीला आणि यीस्टला आंबट चालतं. टोमॅटो बिघडतो तो त्यांच्यामुळे, आणि ते डोळ्यांना दिसतं. आधी भांड्याच्या कडेला, जिथे रसाचा पातळ थर सुकलेला असतो, तिथे पांढरा किंवा हिरवट केसाळ ठिपका उमटतो. कधी रसात बारीक बुडबुडे येतात आणि झाकण काढताना हलकासा ‘फुस्स’ आवाज होतो. तिथे यीस्टने साखर फसफसवायला घेतलेली असते. ठिपका चमच्याने काढून उरलेलं वापरायचा मोह होतो. पातळ पदार्थात बुरशीचे तंतू वरून दिसतात त्यापेक्षा खोल गेलेले असतात. शिवाय बुरशी टोमॅटोतलं आम्ल खाते, म्हणजे ज्या आंबटपणाच्या भरवशावर आपण आठवडा मोजत होतो तोच कमी झालेला असतो. सगळं फेकायचं.

आता धातू. टिनचा डबा मुळात पोलादाच्या पातळ पत्र्याचा असतो आणि त्या पत्र्यावर कथलाचा अतिशय पातळ मुलामा असतो. आपल्या घरातल्या पितळी पातेल्याला कल्हईवाला जो चकचकीत थर द्यायचा, तेच हे कथील. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक किंवा चिंचेचं सार ठेवलं की ते कळकतं, हे आजी-पणजीच्या पिढीला सांगावं लागत नसे. तिथे आंबट पदार्थ तांब्या-जस्ताला भिडून बिघडायचा, आणि कथील त्याला अडवायचं. टिनमध्ये कथील पोलादाला सांभाळतं, पण तीव्र आंबट पदार्थासमोर ते स्वतः हळूहळू विरघळत जातं.

बंद टिनमध्ये ही क्रिया अतिशय संथ चालते, कारण झाकण बसवण्यापूर्वी आतली हवा जवळजवळ सगळी काढून टाकलेली असते. उघडलं की ऑक्सिजन आत येतो. आम्ल आणि ऑक्सिजन एकत्र आले की कथील विरघळण्याचा वेग वाढतो, आणि फ्रिजचा गारवा तो कमी करतो पण थांबवत नाही. अर्धा टिन टोमॅटो दोन-तीन दिवस तसाच ठेवला असेल तर तो रिकामा करून आत निरखून पाहावं. रसाची पातळी जिथे होती तिथे भोवताली एक मळकट करडी रेघ दिसते. हवा आणि आम्ल दोन्ही तिथेच भेटतात, म्हणून झीज तिथेच जास्त. वरच्या काठावर, जिथून ओपनरने पत्रा कापला, तिथे उघडं पोलाद असतं, आणि त्यावर तांबूस गंज धरलेला असतो. टोमॅटोची चव घेतली तर जिभेवर एक तुरट, नाण्यासारखी छटा रेंगाळते.

असा टोमॅटो विषारी झाला का? नाही. पोटात गेलेलं हे कथील शरीर फारच थोडं शोषून घेतं. बाकीचं तसंच बाहेर पडतं. पण ते फार जास्त असेल तर मळमळ, उलटी, पोटात कळा असा त्रास होतो, आणि तो साधारण लवकर ओसरतो. १९६९मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन आणि ओरेगन राज्यांत टिनमधल्या टोमॅटोच्या रसाने लोकांना असाच त्रास झाला होता. टोमॅटोत नायट्रेटचं प्रमाण जास्त होतं, आणि नायट्रेट कथील विरघळवायला ऑक्सिजनसारखीच मदत करतं. टिनबंद अन्नात किलोमागे २५० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कथील असू नये, अशी मर्यादा आंतरराष्ट्रीय अन्नमानकांत आहे. भारतातही तीच आहे, युरोपात २००. एक-दोन दिवस फ्रिजमध्ये राहिलेला टोमॅटोचा टिन माणसाला आजारी पाडेल असं धरून चालायचं कारण नाही. पण चव हमखास जाते, आणि काचेची बरणी हाताशी असताना टोमॅटोत कथील उतरू देण्यात काहीच मिळत नाही.

आजकाल बऱ्याच टिनना आतून लॅकरचा थर दिलेला असतो. ओळखणं सोपं आहे. टिन रिकामा करून धुवावा. आत पिवळसर सोनेरी किंवा दुधी पांढरा गुळगुळीत थर दिसला तर ते लॅकर. आत चंदेरी पत्रा आणि त्यावर बर्फाच्या खड्यांसारखी नक्षी दिसली तर ते उघडं कथील. अननस आणि पीचच्या टिनमध्ये मुद्दाम उघडं कथील ठेवतात, कारण त्यामुळे फळाचा फिका रंग टिकून राहतो. टोमॅटोचे टिन दोन्ही तऱ्हेचे मिळतात. लॅकर असलेल्या टिनमध्ये टोमॅटो ठेवला तर झीज पुष्कळ कमी होते, पण काट्याने किंवा पळीने खरवडताना थर ओरखडला की त्या जागी पुन्हा तेच सुरू होतं. माशांचे बसके टिन बहुधा लॅकर दिलेले असतात, आणि मासा फारसा आंबट नसतो. म्हणून धातूपुरतं बोलायचं तर ट्युना टिनमध्ये एक रात्र राहिला तरी काही बिघडत नाही.

माशाच्या आणि चण्याच्या टिनमध्ये कधी आतून काळपट जांभळे डाग दिसतात आणि लोक घाबरतात. प्रथिनांतलं गंधक तापवताना धातूशी संयोग पावतं, त्याचे ते डाग. त्यांनी अपाय होत नाही. माशात क्वचित काचेच्या कणासारखे पारदर्शक खडे सापडतात. ते स्ट्रुव्हाइट नावाच्या क्षाराचे स्फटिक असतात. शंका असेल तर खडा कोमट व्हिनेगरमध्ये किंवा लिंबाच्या रसात टाकावा. स्फटिक काही मिनिटांत विरघळू लागतो, काच विरघळत नाही.

‘टिनमध्ये कधीही ठेवू नको’ हा जुना धाक आला कुठून, हेही समजून घ्यायला हवं, कारण तो निराधार नव्हता. पूर्वी टिनच्या उभ्या सांध्याला झाळ द्यायचे, आणि त्या झाळेत शिसं असायचं. टिन उघडून हवा लागली की आंबट पदार्थात शिसंही उतरायचं, आणि शिसं कथलासारखं बाहेर निघून जात नाही. ते शरीरात साठतं, लहान मुलांच्या मेंदूला बाधतं. अमेरिकेतल्या कारखान्यांनी शिशाची झाळ १९९१पर्यंत स्वतःहून बंद केली आणि १९९५मध्ये तिच्यावर कायद्याने बंदी आली. आता सांधा विजेने जोडतात, किंवा टिन एकाच पत्र्यातून ओढून घडवतात आणि त्याला उभा सांधाच नसतो. ज्या पिढीने ती सूचना दिली तिचं त्या काळातल्या टिनबद्दलचं म्हणणं अगदी बरोबर होतं.

लॅकरमधल्या बिस्फेनॉल ए या रसायनाबद्दलही हल्ली विचारलं जातं. युरोपीय संघाने अन्नाला लागणाऱ्या वस्तूंत त्यावर २०२४च्या अखेरीस बंदीचा नियम केला आणि कारखान्यांना बदलासाठी मुदत दिली. पण हे रसायन अन्नात उतरतं ते मुख्यतः कारखान्यात टिन तापवताना. उघडल्यावर पदार्थ दुसऱ्या भांड्यात काढल्याने ते परत निघत नाही. भांडं बदलायचं ते धातूसाठी आणि चवीसाठी.

आता हे सगळं एका आठवड्यावर मांडून पाहू. समजा, मँचेस्टरला शिकणारी एक मुलगी रविवारी संध्याकाळी सात वाजता तीन टिन उघडते. चारशे ग्रॅम सोललेले टोमॅटो, चारशे ग्रॅम काबुली चणे (पाणी निथळल्यावर ते साधारण २४० ग्रॅम भरतात) आणि ट्युनाचा एक लहान टिन. अर्धे टोमॅटो आणि अर्धे चणे घेऊन ती छोले करते. अर्धा ट्युना मेयोनेजमध्ये कालवून सोमवारच्या सँडविचसाठी ठेवते. जेवून, घरी फोन करून ती परत येते तेव्हा साडेआठ वाजलेले आहेत. दीड तास झाला आहे, खोली थंड आहे, म्हणून सगळं अजून मर्यादेत आहे. तिने आता हे करावं : टोमॅटो काचेच्या बरणीत, चणे त्यांच्याच पाण्यासकट झाकणाच्या डब्यात, उरलेला ट्युना लहान डब्यात आणि सगळ्यांवर ‘रवि’ असं मार्करने लिहून फ्रिजच्या मधल्या किंवा खालच्या कप्प्यात. दारातला कप्पा नको. दार उघडलं की तो आधी तापतो, आणि सामायिक स्वयंपाकघरात दार दिवसभर उघडत असतं.

मेयोनेज घातलेला ट्युना आणि नुसता ट्युना, दोन्ही बुधवारी संपायला हवेत. तिच्या टिनवर दोन दिवस लिहिलं असेल तर मंगळवारी. दोन आणि चार यांतला फरक जंतूंच्या वागण्यातला नाही. कुणी सावधगिरी किती धरली, याचा आहे. कारखान्याला आपल्या ग्राहकाचा फ्रिज ४ अंशांवर चालतो की ९ अंशांवर हे माहीत नसतं. म्हणून टिनवर आकडा असेल तर तोच पाळावा, आणि नसेल तेव्हा तीन-चारचा नियम लावावा. सामायिक फ्रिजचं तापमान किती आहे हे कुणालाच ठाऊक नसतं. तिथे माशाला दोनच दिवस देणं शहाणपणाचं.

चण्यांना बुधवारपर्यंत बिनधास्त, गुरुवारी शेवटची संधी. त्यांचं पाणी दाट, बुळबुळीत असतं आणि थंड झाल्यावर जेलीसारखं थरथरतं. हे स्टार्च आणि प्रथिनांमुळे होतं आणि पहिल्या दिवसापासून तसंच असतं, म्हणून त्यावरून बिघाड ओळखता येत नाही. बिघडलेल्या चण्याच्या पाण्यावर फेस येतो, दाणा चोळला तर त्यावरचा चिकटपणा धुतल्यावरही जात नाही, वास आंबूस येतो. टोमॅटोची बरणी शुक्रवार-शनिवारपर्यंत चांगली राहील, दर वेळी कोरडा स्वच्छ चमचा घातला तर. रविवारचे शिल्लक छोले मात्र टोमॅटोचे दिवस मिळवू शकत नाहीत. मिश्रणाला त्यातल्या सर्वांत कमी टिकणाऱ्या घटकाचे दिवस मिळतात, म्हणजे छोल्यांना चण्यांचे. बुधवारी उरलेले चणे नव्याने उकळून आमटी केली, तरी तिला आणखी चार दिवस मिळत नाहीत. ती त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी संपवावी.

वास घेऊन ठरवायची सवय इथे अपुरी पडते. आंबणं, बुरशी, फेस हे नाकाला आणि डोळ्यांना कळतं. हिस्टामिन कळत नाही. लिस्टेरिया नावाचा जंतूही कळत नाही, आणि तो फ्रिजच्या थंडीतही सावकाश वाढतो. गर्भवती स्त्रिया, वृद्ध माणसं आणि कमकुवत प्रतिकारशक्तीचे रुग्ण यांना त्याचा धोका सर्वांत जास्त. घरात असं कुणी असेल तर मासे आणि कडधान्यं दोन दिवसांतच संपवावीत आणि गरम करताना नीट वाफ येऊ द्यावी. आणि टिन उघडण्याआधीच फुगलेला असेल, किंवा पातं टोचताच आतून पाणी उसळलं, तर प्रश्न दिवसांचा उरतच नाही. चवही न घेता तो पिशवीत गुंडाळून टाकून द्यावा, कारण त्या फुगवट्यामागे बॉट्युलिझमचे जंतू असू शकतात.

आपल्याकडे एक आणखी अडचण आहे, वीज जाण्याची. दार बंद ठेवलं तर फ्रिज साधारण चार तास पुरेसा गार राहतो. त्यापुढे वीज आली नाही तर उघडलेला मासा आणि चणे टाकून द्यावेत. टोमॅटोचं मात्र, वास-रूप ठीक असेल तर, बहुधा निभावतं. ज्या गावांत पावसाळ्यात वीज वारंवार जाते तिथे माशाचा लहान टिन घ्यावा आणि एका बैठकीत संपवावा.

उरणारच आहे हे आधी कळत असेल तर फ्रिजपेक्षा फ्रीझर बरा. टोमॅटो बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून मग खडे पिशवीत भरावेत. एका भाजीला दोन-तीन खडे पुरतात आणि दोन-तीन महिने चव चांगली राहते. चणे आणि राजमा त्यांच्या पाण्यासकट गोठवले तर फुटत नाहीत. ट्युना गोठतो, पण वितळल्यावर कोरडा आणि धाग्याधाग्यांचा होतो. कटलेटला चालतो, सँडविचला नाही. टिनसकट काही गोठवू नये, पाणी फुगतं आणि सांधे ताणले जातात.

आणि कोकणातल्या कॅनिंग फॅक्टरीतून आलेल्या आमरसाच्या टिनलाही हीच रीत लागू आहे. तो टोमॅटोसारखाच आंबट गटातला, रेषेच्या खालचा. अमेरिकेतल्या देशी दुकानातून आणलेला ८५० ग्रॅमचा टिन श्रीखंडाला अर्धा लागला, तर उरलेला काचेच्या बरणीत काढून फ्रिजमध्ये पाच दिवस, नाहीतर लगेच फ्रीझरमध्ये. टिनमध्येच ठेवलेल्या आमरसाच्या कडेला तिसऱ्या-चौथ्या दिवशी काळपट रेघ धरते आणि हापूसच्या वासात धातूचा वास मिसळतो.